खांद्याचा एपी नॉर्मल वाटतोय पण हात बाहेर वळत नाही, तेव्हा फिल्ममध्ये नक्की काय शोधायचं

प्रश्न: मी इमर्जन्सी मेडिसिनचा पहिल्या वर्षाचा रेसिडेंट आहे. नाइटला फिट येऊन गेलेला पेशंट आला होता, खांदा दुखतोय म्हणून एपी काढला, मला नॉर्मल वाटला, स्लिंग देऊन ठेवला. सकाळी ऑर्थोवाले म्हणाले पोस्टिरिअर डिसलोकेशन आहे. अँटिरिअर मी लगेच ओळखतो, मग हे कसं सुटलं? आणि डिसलोकेशनबरोबर फ्रॅक्चर असेल तर ते कुठे शोधायचं, कधी हात न लावता सरळ ऑर्थोला बोलवायचं?

उत्तर:

मी ऑर्थोपेडिक्सवाला, त्यामुळे तुमच्या गोष्टीतला तो सकाळी येऊन खट्याळ हसणारा माणूस बऱ्याचदा मीच असतो :) पण खरं सांगायचं तर तुमची नजर कमी पडली असं मला वाटत नाही. तुमच्या हातात एकच फिल्म होती, आणि ती फिल्म ज्या दिशेने काढतात त्याच दिशेने ते हेड सरकलेलं होतं. त्यामुळे "एपीमध्ये काय बघायचं" याच्याआधी "एपीमध्ये हे दिसणारच का" हे समजून घ्या, बाकीचं त्यातूनच येतं.

खांद्याचं पातं म्हणजे स्कॅप्युला छातीच्या पिंजऱ्यावर सपाट बसलेलं नसतं, ते साधारण ३५ ते ४० अंश पुढे वळलेलं असतं. म्हणजे ग्लेनॉइडची वाटी बाहेर आणि थोडी पुढे बघते. आपण नेहमी जो एपी काढतो त्यात पेशंटची पाठ कॅसेटला टेकलेली असते आणि किरण छातीला सरळ समोरून येतो, म्हणून तो छातीचा एपी असतो, सांध्याचा नसतो. त्यात ग्लेनॉइड कडेने दिसत नाही, लांबट अंडाकृती दिसतो, त्याची आतली कड म्हणजे पुढची रिम आणि बाहेरची कड म्हणजे मागची रिम. हेडचा आतला भाग या अंडाकृतीवर चढलेला असतो आणि तिथे अर्धचंद्रासारखा ओव्हरलॅप तयार होतो. हा ओव्हरलॅप नॉर्मल आहे, असायलाच हवा.

आता अँटिरिअर डिसलोकेशनमध्ये हेड पुढे जातं पण त्याबरोबर आत आणि खालीही जातं, कोरॅकॉइडच्या खाली जाऊन बसतं, त्यामुळे एपीत जागा बदललेली लख्ख दिसते, एमबीबीएसचा मुलगाही ओळखतो. पोस्टिरिअरमध्ये हेड मुख्यतः सरळ मागे जातं, म्हणजे किरणाच्याच रेषेत, आणि फिल्मवर ते जवळपास होतं तिथेच दिसतं, फार तर जरासं बाहेर. खांद्याच्या एकूण डिसलोकेशनमध्ये पोस्टिरिअर २ ते ४ टक्के, म्हणजे डोळ्याला सवयही नाही, आणि पहिल्या तपासणीत यातले निम्म्याच्या आसपास सुटतात असं पुस्तकांत पूर्वीपासून लिहिलेलं आहे. तुम्ही एकटे नाही.

म्हणून फिल्मकडे जायच्या आधी हात. मला माहितीये प्रश्न रेडिओग्राफचा आहे, पण हे सोडून पुढे गेलो तर उत्तर अर्धं राहील. पोस्टिरिअरवाला पेशंट हात पोटाशी धरून, आत वळवून बसतो, आणि स्लिंगची पोझिशनही नेमकी तीच, म्हणून कुणाला काही वेगळं वाटत नाही. कोपर अंगाला टेकवून ठेवा, कोपरात ९० अंश वाकवा आणि हात बाहेरच्या बाजूला वळवून बघा. जबरदस्ती नाही, फक्त हलकेच. दुखऱ्या पण जागेवर असलेल्या खांद्यात थोडं तरी बाहेर वळतं, इथे अजिबात वळत नाही, काहीतरी अडकल्यासारखं घट्ट लागतं. अडकलेलं असतंच, हेडचा पुढचा भाग ग्लेनॉइडच्या मागच्या रिमवर रुतून बसलेला असतो. फिट किंवा शॉकची हिस्टरी असेल आणि हात बाहेर वळत नसेल तर एपी कितीही सुंदर दिसो, तुम्ही पोस्टिरिअर नाही हे सिद्ध होईपर्यंत पोस्टिरिअरच धरा. फिटमध्ये असं का होतं तर सगळे स्नायू एकदम आवळतात आणि आत वळवणारे, म्हणजे लॅटिसिमस, पेक्टोरॅलिस मेजर, सबस्कॅप्युलॅरिस, हे बाहेर वळवणाऱ्यांपेक्षा कितीतरी दणकट असतात, मग ते हेडला आत वळवून मागे ढकलतात. पडायची गरजही नाही, पेशंट गादीवर झोपलेला असतानाही होतं.

एक केस सांगतो म्हणजे पुढचं सगळं त्यावरच बोलता येईल. चाळिशीतला शेतकरी, रात्री पाणी द्यायला गेला, मोटरच्या स्टार्टरला हात लागला आणि शॉक बसला, फेकला गेला. जवळच्या दवाखान्यात ईसीजी झाला, तो ठीक होता (शॉकमध्ये ईसीजी आधी काढला हे त्यांनी बरोबरच केलं), उजव्या खांद्याचा एक एपी झाला, "मुका मार" लिहून गोळ्या आणि स्लिंग. तीन दिवसांनी आमच्याकडे आला कारण जेवताना घास तोंडापर्यंत जाईना. तोच जुना एपी मी व्ह्यू बॉक्सवर लावला आणि रेसिडेंटला विचारलं काय दिसतंय. तो म्हणाला सर, फ्रॅक्चर नाही, हेड ग्लेनॉइडसमोर आहे. दोन्ही वाक्यं त्या फिल्मपुरती चूक म्हणता येणार नाहीत, पण खांदा निखळलेलाच होता.

मग त्या फिल्ममध्ये होतं काय? पहिली गोष्ट, हेडचा आकार. बाहेरच्या बाजूला ग्रेटर ट्युबरॉसिटीचा जो उंचवटा दिसायला पाहिजे तो नव्हता, हेड दोन्ही बाजूंनी सारखंच गोल, त्याखाली मान, म्हणजे पुस्तकातली लाइट बल्ब साइन. कारण सोपं आहे, हात आत वळल्यावर ट्युबरॉसिटी पुढे येते आणि बाहेरच्या कडेवरून गायब होते. पण इथे एक मोठी मेख आहे. कुठल्याही धडधाकट माणसाचा हात आत वळवून एपी काढा, बल्ब दिसेल. स्लिंगमध्ये फिल्म काढली की प्रत्येकाचा खांदा बल्बच दिसतो. म्हणून बल्ब दिसला म्हणजे डिसलोकेशन असं नाही, बल्ब दिसला म्हणजे प्रश्न विचारायचा की हा हात मुद्दाम आत ठेवला होता की बाहेर येतच नव्हता. टेक्निशियनला विचारा, अहो हात वळवायचा प्रयत्न केला होता का? तो म्हणाला "वळतच नव्हता साहेब", तर तुमचं निदान तिथेच झालं म्हणायला हरकत नाही. आमच्याकडे जुने टेक्निशियन आहेत ते हे स्वतःहून येऊन सांगतात, आणि मी त्यांचं ऐकतो.

दुसरी गोष्ट, तो अर्धचंद्र. ओव्हरलॅप जवळजवळ नाहीसा झाला होता आणि हेडची आतली कड आणि ग्लेनॉइडची पुढची रिम यांच्यात रिकामी जागा पडली होती. ती ६ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर रिम साइन म्हणतात. हा आकडा मी पाठ करा म्हणून सांगत नाहीये, कारण पेशंट जरा तिरका उभा राहिला तरी तो बदलतो, सांध्यात रक्त साचलं तरी जागा रुंदावते, आणि डिजिटल फिल्मवर मोठं करून मोजलं तर स्केल धड आहे की नाही तेही बघावं लागतं. पण ग्लेनॉइड पुढून रिकामा दिसतोय ही जाणीव आकड्याशिवायही होते. उलटंही होऊ शकतं हे लक्षात ठेवा, मागे रुतताना हेड थोडं आत सरकलं तर ओव्हरलॅप उलट जास्त दिसतो, म्हणजे साइन नसली म्हणून सुटका नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडते कारण ती पोझिशनवर कमी अवलंबून असते. हेडच्या आतल्या कडेला समांतर, तिच्या थोडी बाहेर, एक उभी पांढरी रेघ होती. हेड मागच्या रिमवर आपटून रुततं तेव्हा हेडच्या पुढच्या आतल्या भागाला खाच पडते, त्या खाचेचा दाबला गेलेला तळ एपीत रेघ म्हणून दिसतो. ट्रफ लाइन. खाचेला रिव्हर्स हिल-सॅक्स किंवा मॅकलॉफलिन लेजन म्हणतात. आतली कड म्हणून दोन जवळजवळ समांतर रेषा दिसल्या, एक सांध्याची आणि एक तिच्या आत हेडमध्ये, तर थांबा. आमच्या शेतकऱ्याच्या फिल्ममध्ये ती रेघ अगदी नीट होती, फक्त कुणी तिला रेघ म्हणून बघितलं नव्हतं.

आणि ह्युमरसच्या मानेच्या आतल्या कडेवरून स्कॅप्युलाच्या बाहेरच्या कडेपर्यंत एक सलग कमान जाते, हिपची शेंटन लाइन माहिती असेल तसलीच, तीही बघून घ्या, तुटली असेल तर काहीतरी हललंय. पण मी हिच्यावर एकटीवर विसंबत नाही, पोझिशनने ती सहज बिघडते.

यातलं काहीच पक्कं नाही, सगळे फक्त इशारे आहेत, पक्कं होतं ते दुसऱ्या व्ह्यूने. आणि इथे मात्र परिस्थितीवर अवलंबून असतं, कारण मेडिकल कॉलेजच्या कॅज्युअल्टीत रात्री २ वाजता सीटी होतो आणि ग्रामीण रुग्णालयात कधी कधी एक पोर्टेबल आणि एक थकलेला टेक्निशियन एवढंच असतं. तरी दुसरा व्ह्यू मिळतो, मागावा लागतो.

बहुतेक ठिकाणी एपीबरोबर स्कॅप्युलर वाय काढतात. त्यात स्कॅप्युला कडेने दिसतो, खालची दांडी म्हणजे बॉडी, वरचे दोन फाटे म्हणजे कोरॅकॉइड आणि अ‍ॅक्रोमिऑनकडे जाणारा स्पाइन, तिन्ही मिळतात तिथे ग्लेनॉइड, आणि हेडचं केंद्र त्या जोडावर असायला हवं. ट्रेनी गोंधळतात ते पुढचं मागचं ओळखण्यात. सोपं करा, आधी बरगड्या शोधा, बरगड्या ज्या बाजूला ती पुढची बाजू, कोरॅकॉइडही त्याच बाजूला असतो. हेड कोरॅकॉइडखाली गेलं तर अँटिरिअर, अ‍ॅक्रोमिऑनखाली मागे गेलं तर पोस्टिरिअर. वायची अडचण अशी की रोटेशन जरा चुकलं की वायचा वाय राहत नाही, आणि हेड थोडंच मागे असेल तर "बसलंय की जागेवर" असं वाटतं. शिवाय रिमचं फ्रॅक्चर त्यात धड दिसत नाही. म्हणून वाय नॉर्मल वाटला आणि हात बाहेर वळत नसेल तर मी वायवर थांबत नाही.

अ‍ॅक्झिलरी व्ह्यू हाच खरा न्याय देतो. लोक टाळतात कारण हात ९० अंश वर करायला लागतो असं डोक्यात बसलंय. नाही लागत. पेशंट झोपलेला असू द्या, तुम्ही स्वतः हात धरा, हळूहळू २० ते ३० अंश बाहेर घ्या, कॅसेट खांद्याच्या वर मानेला टेकवून उभी, ट्यूब पायाच्या बाजूने काखेत. आधी दुखणं कमी करा आणि लेड एप्रन घाला, एवढंच. तेही जमत नसेल तर व्हेल्पो, यात स्लिंग काढायचीच नाही, पेशंटला टेबलाकडे पाठ करून उभा करायचा, कमरेतून साधारण ३० अंश मागे झुकवायचा म्हणजे खांदा टेबलावरच्या कॅसेटच्या वर येतो, आणि किरण वरून सरळ खाली. पेशंट चक्कर येणारा किंवा फिटनंतर गुंगीत असेल तर व्हेल्पोचा हट्ट नको, सीटी करा किंवा झोपवूनच काढा.

अ‍ॅक्झिलरी वाचताना परत तेच, आधी कोरॅकॉइड शोधा, तो पुढे. मग ग्लेनॉइडची वाटी, मग हेड वाटीच्या मध्यावर आहे का. आमच्या पेशंटमध्ये हेड मागे होतं आणि हेडच्या पुढच्या भागातल्या खाचेत ग्लेनॉइडची मागची कड बोट घातल्यासारखी अडकलेली होती. एपीमधली ती उभी रेघ म्हणजे नेमकं काय, हे रेसिडेंटला तेव्हा समजलं. सीटीत खाच हेडच्या सांध्याच्या पृष्ठभागाच्या साधारण पाचव्या भागाएवढी निघाली आणि मान शाबूत होती. दुखापत ताजी होती म्हणून भूल देऊन बंद पद्धतीने बसवता आलं. तीन आठवडे उलटून गेले असते किंवा खाच मोठी असती तर बहुधा उघडावं लागलं असतं.

एक सावधानता, फिटमध्ये आणि शॉकमध्ये दोन्ही खांदे एकदम निखळू शकतात. मग "दुसऱ्या बाजूशी तुलना करू" हा आपला आवडता उपाय तुम्हालाच फसवतो, दोन्ही सारखे दिसतात आणि दोन्ही चूक असतात. दोन्ही हात पोटाशी धरून बसलेला पेशंट दिसला तर दोन्ही बाजूंना दोन दोन व्ह्यू.

आता तुमचा दुसरा भाग, फ्रॅक्चर. इथे डोळ्याची एक वाईट सवय आड येते, निखळलेलं सापडलं की आनंद होतो आणि शोध थांबतो. अँटिरिअरमध्ये तर जास्तच, कारण ते इतकं ठळक असतं. माझं म्हणणं असं की डिसलोकेशन ओळखल्यावर फिल्म खाली ठेवायची नाही, एकाच प्रश्नासाठी परत बघायची, की मी हा हात ओढला तर काही मोडेल का? सगळी फ्रॅक्चर्स सारखी महत्त्वाची नाहीत. काही तुमचा पुढचा अर्धा तास बदलतात, काही फक्त पुढच्या ओपीडीचं पान बदलतात.

अर्धा तास बदलणारं म्हणजे मानेचं. पन्नाशी साठीची बाई, स्कूटरच्या मागच्या सीटवरून पडली, अँटिरिअर डिसलोकेशन आणि ग्रेटर ट्युबरॉसिटीचा तुकडा सुटलेला, हे चित्र तुम्ही महिन्यातून कितीदा तरी बघत असाल. अँटिरिअर डिसलोकेशनमध्ये ट्युबरॉसिटीचं फ्रॅक्चर बऱ्यापैकी कॉमन आहे, आणि एकटं ते असेल तर घाबरायचं कारण नाही, तुकडा रोटेटर कफला चिकटलेला असतो, तो बाहेरच्या बाजूला आपल्या जुन्या जागेजवळच राहतो आणि हेड बसलं की बहुतेक वेळा तोही जागेवर येतो. धोका असतो तो त्या तुकड्यापासून निघून सर्जिकल नेककडे आत जाणाऱ्या बारीक, न सरकलेल्या भेगेचा. ती भेग असताना तुम्ही ट्रॅक्शन दिलं की शाफ्ट येतं आणि हेड तिथेच राहतं, साधं दोन तुकड्यांचं प्रकरण ऑपरेशनवर जातं, आणि हेडचा रक्तपुरवठा गेला तर वरून ती पीडा.

म्हणून ट्युबरॉसिटी तुटलेली दिसली की मी बोट फिल्मवर ठेवतो, अक्षरशः, आणि मानेच्या आतल्या कडेवरून खालून वर फिरवतो. ती कड गुळगुळीत वर हेडपर्यंत गेली पाहिजे. कुठे पायरी, कुठे बारीकसा कोन, कुठे काळी रेघ? मग तुकड्याच्या खालच्या टोकापासून आडवं आत बघतो, तिथून रेघ निघते का. मग हेड आणि शाफ्ट यांचा एकमेकांशी कोन, निखळलेल्या अवस्थेतही हेड शाफ्टवर नेहमीसारखंच बसलेलं दिसलं पाहिजे, टोपी तिरकी झाल्यासारखी वाटली तर शंका घ्या. हे सगळं दोन्ही व्ह्यूंमध्ये. शंका राहिली, आणि हाताला रक्तपुरवठा ठीक आहे, तर ओढू नका. सीटी करा, ऑर्थोला बोलवा. वय चाळिशीच्या पुढे, पहिल्यांदाच निखळलेला, उंचावरून किंवा गाडीवरून पडलेला, यातलं काही असेल तर रिडक्शनच्या आधी फिल्म हवीच. याउलट बावीस वर्षांचा पोरगा, पाचव्यांदा निखळलाय, कबड्डीत नुसता हात वर केला आणि निघाला, त्याच्यात काही सीनियर फिल्मशिवायही बसवतात, ते तुमच्या युनिटच्या पद्धतीवर सोडतो. आणि मनगटाला नाडी लागत नसेल, हात थंड असेल तर हे सगळं शांतपणे बघायला वेळ नसतो, तेव्हा सीनियरला आणि व्हॅस्क्युलरला फोन आधी, फिल्मचं कौतुक नंतर.

पोस्टिरिअरमध्येही तेच लागू, उलट जास्त. तिथे मान तपासाच, आणि लेसर ट्युबरॉसिटीचा तुकडा बघा, तो अ‍ॅक्झिलरीत हेडच्या पुढे सुटा दिसतो. एकटं लेसर ट्युबरॉसिटीचं फ्रॅक्चर दिसलं की मी आधी विचारतो, पोस्टिरिअर डिसलोकेशन होतं का, की अजून आहे? अडकलेलं पोस्टिरिअर कॅज्युअल्टीत एकट्याने जोर लावून बाहेर फिरवायचं नाही. हेड रिमवर कुलूप लागल्यासारखं असतं, ते न सोडवता हात बाहेर पिळला तर मान मोडते. आधी ओढून आत वळवलेल्या स्थितीतच ते सोडवावं लागतं, आणि ते पूर्ण भुलीत.

ओपीडीचं पान बदलणारी दोन म्हणजे हिल-सॅक्स आणि बँकार्ट. हिल-सॅक्स म्हणजे अँटिरिअरमध्ये हेडचा मागचा बाहेरचा वरचा भाग ग्लेनॉइडच्या पुढच्या रिमवर आपटून पडलेली खाच, रिडक्शननंतर हात आत वळवून काढलेल्या एपीत चांगली दिसते. यात सुटा तुकडा नसतो, ट्युबरॉसिटीपासून वेगळं ओळखायची हीच खूण. बँकार्टचा हाडाचा तुकडा ग्लेनॉइडच्या पुढच्या खालच्या कडेला, आतल्या बाजूला असतो, आणि कधी तुकडा दिसतच नाही, फक्त ती खालची कड जी पेनने काढल्यासारखी स्पष्ट असते ती पुसट होते. दोन्ही रिडक्शन थांबवत नाहीत. पण नोंदवा, कारण रिमचा मोठा तुकडा गेला असेल तर तो खांदा परत निघणार आणि सर्जनला आधीच कळलेलं बरं.

अजून एक फसवणारी गोष्ट सांगतो, ही डिसलोकेशन नसताना डिसलोकेशन दाखवते. मानेच्या फ्रॅक्चरमध्ये सांध्यात रक्त भरतं, डेल्टॉइड ढिला पडतो, आणि हेड खाली लोंबतं. एपीत ते ग्लेनॉइडच्या खाली घसरलेलं दिसतं, ट्रेनी म्हणतो इन्फिरिअर डिसलोकेशन. खरं इन्फिरिअर फारच दुर्मिळ आणि त्यात पेशंट हात डोक्यावर धरूनच येतो, खाली करताच येत नाही, तो दारातूनच ओळखू येतो. हात अंगाशी आणि हेड खाली असं असेल तर वाय किंवा अ‍ॅक्झिलरी बघा, हेड पुढेमागे मध्यावरच असेल तर ती स्युडोसबलक्सेशन, काही आठवड्यांत आपोआप वर येते. ती ओढून बसवायला जाऊ नका, मोडलेलं हाड ओढताय तुम्ही.

रिडक्शननंतरची फिल्म "खट् आवाज आला" म्हणून टाळू नका, आणि तीही दोन व्ह्यूंची काढा. मी त्यात आधी हेड वाटीत मध्यावर आहे का बघतो, मग आधी हेडच्या गडबडीत झाकलेलं फ्रॅक्चर आता उघडं पडलंय का, आणि ट्युबरॉसिटीचा तुकडा कुठे बसला. तुकडा ५ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकलेला राहिला तर ऑपरेशनची चर्चा होते, खेळाडू किंवा डोक्यावर ओझं उचलणाऱ्या हमालात आम्ही त्याच्याही आधी विचार करतो. एपीत फक्त वर किती गेला ते कळतं, मागे किती गेला ते अ‍ॅक्झिलरीतच. रिडक्शनच्या आधी आणि नंतर डेल्टॉइडवरची संवेदना लिहून ठेवा, अ‍ॅक्झिलरी नर्व्ह कुणी दुखावली यावर नंतर वाद नको. आणि हो, खांद्याच्या फिल्मच्या कोपऱ्यात फुफ्फुसाचं टोक आणि वरच्या बरगड्याही येतात, गाडीवरून पडलेल्यात तिथला न्यूमोथोरॅक्स खांद्याच्या फिल्मवर सापडलेला मी बघितलाय.

रिक्वेस्ट स्लिपचं राहिलं. "एक्स-रे शोल्डर" एवढंच लिहिलं तर रात्री तुम्हाला एकच एपी मिळणार, त्यात टेक्निशियनची चूक नाही. मी असं लिहायला सांगतो, "उजवा खांदा, एपी आणि अ‍ॅक्झिलरी, अ‍ॅक्झिलरी न जमल्यास व्हेल्पो किंवा स्कॅप्युलर वाय. फिटनंतर हात बाहेर वळत नाही, पोस्टिरिअर डिसलोकेशन आहे का." शक्य असेल तिथे एपीऐवजी ग्रॅशी मागा, म्हणजे पेशंटला दुखऱ्या बाजूला ३५ ते ४५ अंश वळवून काढलेला सांध्याचा खरा एपी. त्यात हेड आणि ग्लेनॉइडमधली फट उघडी दिसायला हवी, फिल्म नीट काढलेली असूनही तिथे ओव्हरलॅप दिसत असेल तर तेच ॲबनॉर्मल. म्हणजे साध्या एपीत ओव्हरलॅप हवा आणि ग्रॅशीत नको, त्यामुळे फिल्म कुठली काढली हे टेक्निशियनला विचारूनच वाचायला घ्या.